खुर्चीवर बसलेला 'मी'

एका सनदी अधिकाऱ्याला निरोप येतो, की तुमची आई मरणाला टेकली आहे. ती सरकारी दवाखान्यात आहे, पण खाटेवर नाही. बेवारस भिकाऱ्यांना जिथं आणून टाकतात तिथं ती पडलेली आहे. अधिकारी गाडी काढतो आणि निघतो. पुढची सगळी गोष्ट तोच सांगतो, 'मी' म्हणून. जयमोहन यांची 'नूरु नार्कालिगळ', म्हणजे 'शंभर खुर्च्या', ही तमिळ लघुकादंबरी इथून सुरू होते. २०११ मध्ये ती त्यांच्या 'अरम' या कथासंग्रहात आली. मल्याळममध्ये ती 'नूरु सिंहासनंगळ' नावानं त्यांनी स्वतःच लिहिली, त्या आवृत्तीवर हक्क राखून ठेवला नाही आणि केरळात ती स्वतंत्र पुस्तक म्हणून पसरली. प्रियंवदा रामकुमार यांनी केलेल्या 'अरम'च्या इंग्रजी अनुवादामुळे, २०२२ पासून, ती आपल्याकडच्या वाचकांच्याही हाताशी आहे. एका बैठकीत वाचून होते, मात्र वाचून झाल्यावर तिच्याविषयी काय बोलायचं हे लवकर सुचत नाही. जे पटकन सुचतं ते बहुधा चुकीचं असतं. म्हणून हा लेख.

निवेदकाचं नाव धर्मपालन. जात नायाडी. केरळच्या जुन्या जातव्यवस्थेत विटाळ केवळ स्पर्शाचा नव्हता, अंतराचाही होता. कोणत्या जातीनं कोणापासून किती पावलं दूर थांबायचं हे ठरलेलं असे. अंतराचे आकडे नोंदीगणिक बदलतात, पण त्या उतरंडीत सर्वांत लांब उभं राहायचं ते नायाडींनी, असं बहुतेक नोंदी सांगतात. त्यांचं दिसणंसुद्धा अशुभ धरत. त्यामुळं ते लांबून ओरडून भीक मागत. कोणी काही ठेवून गेलं, की तो माणूस दूर गेल्यावर येऊन उचलत. दिवसा झुडपांत दडायचं आणि अंधार पडल्यावर हिंडायचं, हे धर्मपालनचं बालपण. पुढे नारायण गुरूंच्या परंपरेतल्या एका संन्याशाच्या आश्रमात तो पोचतो, पोटभर भात खातो, शिकतो, परीक्षा देतो. आईला मात्र आश्रम मानवत नाही. ती रस्त्यावरच राहते, मधूनमधून मुलाला शोधत येते, पुन्हा नाहीशी होते.

आता कादंबरीचा आवाज ऐका. धर्मपालन फारसा ओरडत नाही. दवाखान्यातली घाण, जमिनीवर पडलेली माणसं, आईची सुजलेली काया, हे सगळं तो अहवाल लिहावा तसं सांगतो. आपल्याला आवाज चढलेला ऐकू येतो तो आईचा. ती शिव्या देते, हट्ट करते, घरात आली की घर विस्कटून टाकते. उच्च जातीतल्या, शिकलेल्या सुनेवर ती तुटून पडते, तिच्या गोऱ्या रंगासकट. नातवाला जवळ ओढते. सुनेला ते सहन होत नाही. मुलगा मधे उभा असतो आणि दोघींतल्या एकीचीही बाजू त्याला धड घेता येत नाही.

म्हणजे लेखकानं राग आणि संयम दोन माणसांत वाटून दिलेत. 'मी' संयम धरतो आणि राग त्याच्या शेजारचं कुणीतरी वाहतं. मराठी वाचकाला ही रचना नवीन वाटायला नको. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातली त्याच नावाची कथा आठवा. रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला गेलेला निवेदक मृदू बोलणारा, जात लपवून भाड्यानं राहणारा. त्याच नोकरीतला काशिनाथ मात्र काही लपवत नाही, कुणी डिवचलं तर सरळ अंगावर जातो. शेवटी जात उघडी पडून निवेदकावर मार पडतो, तेव्हा त्याला सोडवायला येतो तो हाच काशिनाथ. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. तरी त्याची मांडणी पाहा. दगडू पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो आहे. एकाच माणसाचे दोन भाग करून एकाला बोलतं केलंय आणि दुसऱ्याला ऐकायला बसवलंय.

हे लेखक असं का करतात? मला दिसणारं कारण अगदी व्यवहारी आहे. ज्याच्या हाती लेखणी आली तो शिकलेला असतो. शिकताना त्यानं ज्या भाषेत परीक्षा दिल्या, अर्ज केले, मुलाखती दिल्या, त्या भाषेत राग बसत नाही. राग आला की ती भाषा माणसाला 'असभ्य' ठरवून बाहेर काढते. मग मूळचा राग कुठं ठेवायचा? तो ज्याला गमावण्यासारखं काही नाही अशा माणसाच्या तोंडी जातो. धर्मपालनची आई रस्त्यावर राहते. तिला बढती नको, गोपनीय अहवालाची भीती नाही. म्हणून ती बोलू शकते.

हे लक्षात आलं की या कादंबरीविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी दाद खटकायला लागते. 'किती संयत लिहिलंय! कुठं आक्रस्ताळेपणा नाही.' दलित अनुभवाच्या लेखनाला आपल्याकडे ही शाबासकी पन्नास वर्षं मिळते आहे, आणि ती देणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. पण तिचा अर्थ काय होतो बघा: तुम्ही आमच्यावर ओरडला नाहीत, बरं केलंत. धर्मपालनचा संयम हा त्याचा स्वभाव नाही, सद्गुण तर मुळीच नाही. तो त्याच्यावर झालेल्या आघाताचाच एक परिणाम आहे. त्याला बोलताच येत नाही. वरच्या जातीच्या माणसासमोर उभं राहिल्यावर त्याचं शरीर अजूनही लहानपणीसारखं आक्रसतं, आणि हे तो स्वतःच सांगतो. या आक्रसण्याला कलात्मक संयम म्हणून टाळ्या द्यायच्या, म्हणजे लंगडणाऱ्या माणसाच्या चालीचं कौतुक करण्यासारखं आहे.

यातला एक प्रसंग जवळून पाहू. धर्मपालन अधिकारी म्हणून रुजू होतो. त्याच्या हुद्द्याला शोभेल अशी चांगली खुर्ची असायला हवी तिथं त्याच्यासाठी जुनी, साधी खुर्ची ठेवलेली असते. कोणी ठेवली, कोणाच्या सांगण्यावरून, काही कळत नाही. कोणी अपशब्द बोलत नाही. शिपाई नमस्कार करतात, कारकून फायली आणतात. तक्रार करायची तर कशाची करणार? खुर्ची जुनी आहे म्हणून? तशी तक्रार केली तर तो हास्यास्पद ठरेल, आणि न केली तर खुर्ची बदलणाऱ्याला त्याचं उत्तर मिळेल. ज्यांनी हे केलं त्यांना हे दोन्ही ठाऊक आहे. आधुनिक कार्यालयातला जातिभेद बहुतेक असाच असतो, कायद्याच्या कलमात सहज न मावणारा. प्रसंग छोटा आहे आणि लेखक त्यावर भाष्य करत नाही. धर्मपालन त्या खुर्चीत बसतो, एवढंच.

वाचकाचा खरा कस इथं लागतो. आपली पहिली प्रतिक्रिया धर्मपालनच्या बाजूची असते: बिचारा! आपण लगेच त्याच्या कातडीत शिरतो. प्रथमपुरुषी निवेदनाची ती जादूच आहे, 'मी' वाचता वाचता तो 'मी' आपलाच होऊन जातो. पण ज्या वाचकाला खुर्ची बदलली जाण्याचा अनुभव कधी आलेला नाही, त्यानं या 'मी'त इतक्या सहज राहायला जाऊ नये असं मला वाटतं. त्या खोलीत आणखी माणसं आहेत. खुर्ची उचलून नेणारा शिपाई आहे, ज्यानं सांगितलं तो कोणी आहे. सर्वांत जास्त संख्या आहे ती दुसऱ्या दिवशी आत आल्यावर बदललेली खुर्ची पाहून काही न बोलता फाईल पुढे करणाऱ्यांची. आपल्यापैकी अनेकांना कादंबरीत जागा शोधायची तर ती बहुधा या शेवटच्या रांगेत सापडेल. तिथं उभं राहून तो प्रसंग पुन्हा वाचला तर तो वेगळा दिसतो. दया वाटायची थांबते आणि ओशाळलेपण येतं. ते सुखाचं नाही, पण दयेपेक्षा प्रामाणिक आहे.

बडोद्याच्या नोकरीत डॉ. आंबेडकरांच्या वाट्याला काय आलं हे आपल्याला माहीत असतं. परदेशात शिकून आलेल्या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना, आणि पारशी वसतिगृहात घेतलेल्या जागेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, तेही अगदी कोरड्या वाक्यांत. धर्मपालनची गोष्ट काल्पनिक नावांची असली तरी शिक्षण आणि हुद्दा मिळूनही जात पाठ सोडत नाही हा तिचा कणा काल्पनिक नाही. 'अरम'मधल्या कथा खऱ्या माणसांच्या आयुष्यावर बेतलेल्या आहेत.

राग शोधायचा तर मुलाखतीचा प्रसंग वाचा. सनदी सेवेच्या निवड मंडळासमोर धर्मपालन बसला आहे. प्रश्न येतो: तुमच्या हाताखालच्या भागात एखाद्या नायाडीनं खून केला तर तुम्ही काय न्याय द्याल? प्रश्नात सापळा आहे. 'कायद्याप्रमाणे' म्हणालात तर जात विसरलात, 'सहानुभूतीनं' म्हणालात तर पक्षपाती. धर्मपालनचं उत्तर असं: न्यायाचा पाया समता असेल, तर नायाडी आणि दुसरा कोणीही माणूस तराजूच्या दोन पारड्यांत आल्याबरोबर नायाडी हा अन्याय झालेला माणूसच ठरतो. त्यानं काहीही केलं असलं तरी. खूनसुद्धा.

या उत्तराशी आपण सहमत व्हायलाच हवं का? मला तसं वाटत नाही. न्यायाधीशानं हे तत्त्व शब्दशः वापरलं तर काय होईल हा प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक वाचक दोनपैकी एका चुकीच्या वाटेनं जातात. काही जण 'भावनेच्या भरात बोलला' म्हणून ते बाजूला ठेवतात, काही जण भारावून मान डोलावतात. दोघंही त्या उत्तराला युक्तिवाद मानत नाहीत. वास्तविक हे पुस्तकातलं सर्वांत थंड डोक्यानं दिलेलं उत्तर आहे, आणि सर्वांत संतापलेलंही. धर्मपालनचा राग इथं आवाजात नाही, तर्कात आहे. त्याच्याशी वाद घालावा, त्याचं म्हणणं उलटून पाहावं, आपल्याला कुठं पटत नाही ते नेमकं सांगावं. एखाद्याच्या रागाला मान द्यायचा तर आधी त्याच्या म्हणण्याला म्हणणं मानावं लागतं. नुसत्या हुंदक्यात ते होत नाही.

आईचा राग वेगळा आहे, कारण तो भीतीला जोडलेला आहे. मुलगा शर्ट-पँट घालतो, खुर्चीवर बसतो, याची तिला धडकी भरते. ती पुन्हापुन्हा सांगते, काढ तो शर्ट, बसू नकोस खुर्चीवर, मारून टाकतील. शहरी वाचकाला हे अडाणीपण वाटतं, फार तर वेडसरपणा. इथं थोडा इतिहास ठाऊक असणं उपयोगी पडतं. जयमोहन ज्या कन्याकुमारी जिल्ह्यातले आहेत तो भाग पूर्वी त्रावणकोरकडे होता. एकोणिसाव्या शतकात याच दक्षिण त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रियांनी छाती झाकायची की नाही यावरून दंगली झाल्या, घरं जळाली. १८५९ मध्ये राजानं वरचं वस्त्र घ्यायला परवानगी दिली, तीही उच्चवर्णीय स्त्रियांसारखं नेसायचं नाही या अटीवर. आणि नाडर हे उतरंडीत नायाडींपेक्षा कितीतरी वर होते. अंगावरच्या कापडासाठी माणसं मार खात होती त्या मुलखात सर्वांत खालच्या बाईनं शर्टाला घाबरणं हे वेड नव्हे. ती तिच्या परीनं कायदा सांगते आहे, अनुभवानं पाठ झालेला. मुलाची राज्यघटना आणि आईचा तो कायदा यांचा सामना म्हणजे ही कादंबरी. शेवटी आईच्या अंथरुणाशी बसलेल्या धर्मपालनला कळतं, की आपल्याला एक खुर्ची पुरणार नाही. तिच्या मनातली भीती जायला शंभर खुर्च्यांवर बसावं लागेल.

एवढं झाल्यावर एक अवघड मुद्दा राहतो. जयमोहन स्वतः नायाडी नाहीत. मग हा 'मी' कोणाचा? मराठीत स्वानुभव आणि परानुभव हा वाद दलित साहित्याच्या सुरुवातीपासून चालत आला आहे, आणि तो संपवून टाकण्याची घाई करू नये. या पुस्तकात मला खटकतं ते आईचं चित्रण. तिचं खाणं, तिचं अंग, तिची घाण यांची वर्णनं इतकी जवळून आणि इतकी वारंवार येतात, की काही ठिकाणी ती माणूस कमी आणि दृश्य जास्त वाटते. आता यावर उत्तर देता येईल, की ही नजर धर्मपालनची आहे. साहेब झालेल्या मुलाला आपल्याच आईची किळस वाटते, आणि त्याची त्याला शरम वाटते, हेच तर दाखवायचं आहे. काही पानांवर ते पटतं. सगळ्या पानांवर पटत नाही. आतून आलेल्या लेखकानं तिच्या अंगावर इतका वेळ प्रकाश धरला असता का, असा संशय उरतो. 'बलुतं'मध्येही घाण आहे, भूक आहे, आईचे अपार कष्ट आहेत, पण त्या आईला कामं आहेत, मतं आहेत, शेजारपाजार आहे. धर्मपालनच्या आईला तेवढं आयुष्य लेखकानं दिलेलं नाही. हे बोलून दाखवणं पुस्तकाचा अपमान नाही. विषय गंभीर आहे म्हणून समीक्षा सैल सोडणं, हा मात्र तुच्छतेचाच एक सभ्य प्रकार आहे.

वाचनगटात हे पुस्तक घेणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी. मोठ्यानं वाचताना शिव्या आल्या तर त्या गाळू नका, आणि रंगवूनही म्हणू नका. सपाट आवाजात, जशा छापल्यात तशा वाचा. गाळल्या तर आईचा राग गेला, रंगवल्या तर तिचं नाटक झालं. गटात एखादा दलित सदस्य असेल तर 'तुमचा काय अनुभव?' म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहू नका. तो पुस्तक वाचायला आलाय, साक्ष द्यायला नाही. त्याला शैलीवर किंवा कथानकाच्या सैल जागांवर बोलायचं असेल तर तेही त्याला करू द्या. आणि 'आता परिस्थिती पुष्कळ सुधारलीय' हे वाक्य चर्चेच्या सुरुवातीलाच कोणी टाकलं, तर त्याला एवढंच विचारा, की हे आपण कोणाच्या वतीनं सांगतो आहोत.

'शंभर खुर्च्या' एकटी वाचू नका. आधी बागुलांची कथा वाचा, ती वीसेक मिनिटांत होते. मग हे पुस्तक घ्या, मुलाखतीचा प्रसंग आला की थांबून त्या उत्तरावर स्वतःचं मत कागदावर लिहा, आणि पुढे जा. नंतर 'बलुतं' पुन्हा उघडा, निदान दगडू आणि दया समोरासमोर बसतात ती सुरुवातीची पानं तरी. वाचून झाल्यावर 'संयत' किंवा 'जळजळीत' यांपैकी कोणतंही विशेषण न वापरता या तिन्हींबद्दल चार वाक्यं लिहून बघा. ती जमली नाहीत, तर चर्चेला बसण्याआधी पुस्तक आणखी एकदा वाचा.